रनिंग शूज घालून आडव्या उड्या? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या जिममध्ये एका तासाच्या क्लासात हल्ली सगळंच येतं: आधी ट्रेडमिल, मग बॉक्सवर उड्या, दोरी, आणि शेवटी डावी-उजवीकडे झपाझप सरकण्याचे व्यायाम. पायात मात्र बहुतेकांच्या रनिंग शूज असतात. ट्रेडमिलवर ते छान वाटतात, म्हणून पुढचं सगळंही त्यांच्यावरच होतं. गडबड होते ती तिथेच.

धावताना पाय सरळ पुढे जातो. त्यासाठीच रनिंग शूजची टाच जाड आणि मऊ ठेवतात. बऱ्याच जोड्यांत ती चवड्यापेक्षा 8 ते 12 मिलिमीटर उंच असते, आणि वरचं कापड पातळ जाळीचं असतं. आता उजवीकडे झेप घेऊन एकदम थांबा. उजवा पाय टेकला, पण अंगाचा भार अजून उजवीकडेच चाललेला असतो. पाऊल शूजच्या आत करंगळीकडे सरकतं, जाळी ताणली जाते, त्या बाजूचा मऊ सोल दबतो आणि शूज बाहेर कलतो. टाच उंच असल्याने घोटाही जमिनीपासून वर असतो, त्यामुळे तो मुरगळायला वेळ लागत नाही.

घोटा मुरगळण्याआधी शूज खुणा दाखवतो. करंगळीजवळची जाळी विरते, करंगळीच्या कडेला फोड येतो, पाऊल सोलच्या कडेबाहेर फुगलेलं दिसतं. अशा वेळी लोक लेस करकचून आवळतात, ही दुसरी चूक. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, पण चवडा सरकतोच, कारण सैल पडते ती पुढची जाळी. टाच उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या भोकांतून लेसचा फासा करून बांधा, त्याने टाच बसेल. करंगळीकडचं सरकणं मात्र कोणत्याही गाठीने थांबत नाही, तिथे शूजच बदलावा लागतो.

उड्यांसाठी जितकं मऊ तितकं बरं, हाही गैरसमज आहे. दोरीवर आपण चवड्यावर उतरतो, तेव्हा टाचेखालची गादी कामालाच येत नाही. बॉक्सवरून उतरताना पूर्ण पाऊल टेकतं, आणि फार मऊ सोल एका बाजूला जास्त दबला की गुडघा आत झुकतो. इथे हवा रुंद, सपाट, जरा घट्ट सोल. ट्रेनिंग शूज म्हणून विकतात ते असेच असतात: टाच-चवड्यात साधारण 0 ते 6 मिलिमीटरचा फरक, बाजूंना जाड कापड किंवा रबराची पट्टी.

पण हेच शूज ट्रेडमिलवर अर्धा तास पळायला घेतले तर तळवे दुखतात. टाच कमी उंच असल्याने पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ते कळतं.

मग एक जोड की दोन? मिनिटं मोजा. समजा 60 मिनिटांच्या क्लासात 10 मिनिटं ट्रेडमिलवर हळू पळणं, 35 मिनिटं उड्या आणि आडव्या हालचाली, 15 मिनिटं वजनं. इथे ट्रेनिंग शूजची एकच जोड पुरते. त्याच माणसाने आठवड्यातून तीन दिवस सलग 30 मिनिटं ट्रेडमिलवर पळायचं ठरवलं तर रनिंगची वेगळी जोड घ्यावी. ट्रेडमिल क्लासच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवली तर शूज एकदाच बदलावे लागतात. खिसा एकाच जोडीचा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: ट्रेनिंग शूज घ्या आणि ट्रेडमिलवर चढ लावून चाला. ट्रेनिंग शूजवर थोडं पळल्याने फार तर पाय भरून येतील, पण रनिंग शूजवर आडवी झेप चुकली तर घोटा जायबंदी होतो.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जिमचेच मोजे घाला. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मग एक पाय रोवून, गुडघा वाकवून अंग बाहेरच्या बाजूला ढकला. पाऊल सोलच्या कडेवर चढलं तर ती जोड परत ठेवा.

झिजलेले रनिंग शूज ‘जिमला चालतील’ म्हणून वापरू नका. जोडी टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली तर त्या शूजवर उड्या नकोत.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी. रस्त्यावरचे शूज तसेच आत आणले तर सोलच्या खाचांत बसलेली काळी माती वाळून भुकटी होते आणि मॅटवर पाय घसरतो. त्यामुळे जिमचे शूज वेगळे ठेवा, तळ ओल्या फडक्याने पुसा. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा शूज उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या उष्णतेत सोलचा फोम नरम पडतो, डिंक सुटतो आणि सोल पुढच्या टोकापासून उघडू लागतो. घामाने ओले झाले असतील तर आतली गादी काढून सावलीत पंख्याखाली वाळवा.