‘कॅन्सर आढळला नाही’ या ओळीच्या वरचंही वाचा

परभणीच्या आमच्या मामांच्या गालातल्या चट्ट्याचा बायॉप्सी रिपोर्ट आला. शेवटी निदान होतं, ‘तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही.’ घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण वर नमुन्याच्या वर्णनात ‘एकच तुकडा, ०.३ सेंमी’ आणि मायक्रोस्कोपच्या तपासणीत ‘फक्त वरचा थर, खालचा भाग आलेला नाही’ असं लिहिलं होतं. कॅन्सर खाली शिरलाय का, हे एवढ्याशा तुकड्यावरून कळतच नाही. म्हणून रिपोर्टमधलं शेवटचं निदान या दोन ओळींशी ताडून पाहा. चट्टा हाताला कडक लागत असेल किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “तुकडा पुन्हा, खोलवरून घ्यावा लागेल का?” मामांचा तसा घ्यावाच लागला.