क्रम लावण्याआधी विचारा: जाणारा इलेक्ट्रॉन कुठला?

अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी एकच प्रकार बघतो. आयनन ऊर्जा डावीकडून उजवीकडे वाढते आणि वरून खाली कमी होते, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी सीईटीच्या सराव पेपरात चढता क्रम विचारला की गुण जातात, कारण पेपर काढणारा नेमका अपवादावर बोट ठेवतो.

दुसरं आवर्त घ्या. कवच तेच राहतं, केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, म्हणून लिथियमपासून फ्लोरिनपर्यंत अणू आक्रसत जातो. त्याच ओढीमुळे आयनन ऊर्जा सारखी वाढायला हवी. पण बेरिलियमची 899 किलोज्यूल प्रति मोल आहे आणि बोरॉनची 801. बोरॉनचा जाणारा इलेक्ट्रॉन 2p मधला असतो. तो 2s पेक्षा वरच्या ऊर्जेला असतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला राहतो. पुढे नायट्रोजन 1402 आणि ऑक्सिजन 1314. ऑक्सिजनच्या 2p⁴ मध्ये एका कक्षकात दोघांची जोडी बसते. त्यांच्यातल्या प्रतिकर्षणामुळे एक जण लवकर सुटतो. ‘अर्धं भरलेलं म्हणून स्थिर’ एवढं लिहून गुण मिळतात, पण पुढचा प्रश्न सोडवायला ही जोडीच कामाला येते.

तो प्रश्न असा: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांचा दुसऱ्या आयनन ऊर्जेचा क्रम लावा. पाठ केलेला पहिल्या ऊर्जेचा क्रम इथे चालत नाही. आधी प्रत्येकाचा एकेक इलेक्ट्रॉन काढून टाका. उरतात C⁺ 2p¹, N⁺ 2p², O⁺ 2p³, F⁺ 2p⁴. म्हणजे मघाशी नायट्रोजन होता त्या जागी आता O⁺ आलाय आणि जोडीचा त्रास F⁺ ला आहे. म्हणून C < N < F < O. आकडेही तेच सांगतात: फ्लोरिन 3374, ऑक्सिजन 3388. फरक किरकोळ, पण उत्तर त्यावरच ठरतं.

गणात खाली उतरताना गॅलियमपाशी थांबा. त्याची त्रिज्या 135 पिकोमीटर, वरच्या ॲल्युमिनियमची 143. मधे दहा 3d इलेक्ट्रॉन आलेत आणि d इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत. निऑनची त्रिज्या फ्लोरिनपेक्षा मोठी दिसली तर मात्र तो अपवाद समजू नका. निऑन बंध करत नाही, त्यामुळे त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या देतात. मोजण्याची पद्धतच वेगळी.

विद्युतऋणतेत नायट्रोजन-ऑक्सिजनची अदलाबदल करू नका. नायट्रोजन 3.0, ऑक्सिजन 3.5, फ्लोरिन 4.0, सरळ चढ. इथे इलेक्ट्रॉन अणूतून काढायचा नसतो, बंधातली जोडी कोण जास्त ओढतं एवढंच बघायचं. क्लोरिन फ्लोरिनला मागे टाकतो तो इलेक्ट्रॉन घेताना सुटणाऱ्या ऊर्जेत. विद्युतऋणतेच्या प्रश्नात फ्लोरिनच वर.