रोपवेची मोटर किती किलोवॅटची? माझा पहिला हिशेब

भोसरीच्या एका डिझाइन ऑफिसात मी नवा होतो तेव्हा सरांनी एका गडावरच्या रोपवेचा हिशेब दिला. दोन केबिन, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. उंची ३०० मीटर, दोराची लांबी ६०० मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर. रिकामी केबिन ८०० किलोची, माणसं १२, प्रत्येकी ७५ किलो धरून ९००.

मी १७०० किलोला ९.८१ ने आणि ४ ने गुणलं, घर्षणाचे दहा टक्के चढवले आणि ७३ किलोवॅट लिहून सरांपुढे ठेवले.

सरांनी विचारलं, "पर्वती चढतोस तेव्हा पायऱ्यांवरून तिरका किती चाललास ते मोजतोस की किती वर गेलास ते?" ६०० मीटर चालून केबिन ३०० मीटरच वर जाते, म्हणजे चढण्याचा वेग सेकंदाला २ मीटर. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे खाली येणारी केबिन मी विसरलोच होतो. दोन्ही केबिनची रिकामी वजनं एकमेकांना तोलतात, मोटरला उचलावी लागतात ती फक्त माणसं. ९०० × ९.८१ × २, म्हणजे १७.७ किलोवॅट. वर जाणारी केबिन भरलेली आणि खाली येणारी रिकामी, ही त्यातली सगळ्यात जड फेरी.

मग मी या १७.७ वर दहा टक्के चढवायला निघालो. तिथे सरांनी पेन धरलं. "वजनं तोलली जातात रे, घर्षण नाही. खाली येणाऱ्या केबिनची चाकंही ट्रॅक रोपवर घासतातच ना?" हे वाक्य नीट लक्षात ठेवा, नवीन मुलं इथेच चुकतात. चाकांचं घर्षण दोन्ही केबिनच्या एकूण वजनावर काढायचं. १७०० आणि ८०० मिळून २५०० किलो. उताराला काटकोनात येणारा वजनाचा भाग धरून त्याचे तीन टक्के घेतले, साधारण ६४० न्यूटन. पुल्यांची बेअरिंगं आणि पुलीवर वाकताना दोर जी ताकद खातो ती मिळून ३६० धरले. एकूण १००० न्यूटन. माणसांच्या वजनाची दोराच्या दिशेने ओढ ४४१५ न्यूटन. बेरीज ५४१५, गुणिले ४ म्हणजे २१.७ किलोवॅट. गिअरबॉक्समधून ८५ टक्केच पुढे पोचते असं धरलं, तर मोटरकडून साडेपंचवीस हवेत. खेचणाऱ्या दोराचं स्वतःचं वजन खालच्या बाजूने फिरणाऱ्या दुसऱ्या दोराने तोललेलं होतं. तो नसेल तर तेही धरावं लागतं.

मी ३० किलोवॅटची मोटर लिहिली. पण दोराला झोळ असतो. वरच्या स्टेशनजवळ उतार सरासरीपेक्षा खडा, खालच्या स्टेशनजवळ सपाट. भरलेली केबिन ३५ अंशांवर आणि रिकामी २५ अंशांवर असते, तेव्हा रिकामी वजनंसुद्धा पुरती तोलली जात नाहीत. त्या जागी पूर्ण वेगात हिशेब ३४ किलोवॅटवर जातो. शेवटी ३७ ची मोटर ठरली. त्यामुळे सरासरी उतारावर थांबू नका, निदान तीन जागी हिशेब करा: निघताना, मध्यावर आणि वर पोचताना.

चाचणीच्या दिवशी केबिनमध्ये पन्नास किलोची अठरा वाळूची पोती ठेवली. वर जाताना सगळं सुरळीत झालं. भरलेली केबिन खाली सोडली आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ट्रिप झाला, ब्रेक लागले. स्क्रीनवर जादा व्होल्टेज. कारण साधं होतं. ४४१५ मधून १००० वजा जाऊन ३४१५ न्यूटनची ओढ उरते, ती मोटरलाच फिरवते आणि गिअरबॉक्सची घट वजा जाऊन साधारण साडेअकरा किलोवॅट वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते. ती जिरवायला बसवलेला ब्रेकिंग रेझिस्टर लहान होता. गडावरून संध्याकाळी सगळी गर्दी उतरते, तेव्हा हीच फेरी पुन्हा पुन्हा होते. म्हणून रेझिस्टर एका फेरीपुरता नाही, लागोपाठच्या फेऱ्यांच्या उष्णतेवर निवडावा लागतो. माझ्या कागदावर उतरतीचा रकानाच नव्हता.

त्याच दिवशी एक आकडा वहीत लिहून ठेवायला शिकलो. दोन्ही केबिन रिकाम्या ठेवून फेरी मारायची. उंचीचा हिशेब शून्य होतो, आणि मध्यावर, म्हणजे दोन्ही केबिन समोरासमोर असताना, ड्राइव्हच्या स्क्रीनवर जे दिसतं ते निव्वळ घर्षण. आमचं गणित साडेतीन किलोवॅटच्या आसपास होतं. कमी भारावर गिअरबॉक्स जरा जास्त खातो, म्हणून चार दिसले तरी चालतं. दर आठवड्याला त्याच वेगाला, त्याच जागी हा आकडा बघायचा. तो सहाकडे सरकू लागला, तर मोटर तपासत बसू नका. आधी केबिनच्या चाकांना हात लावा, मग पुल्यांची बेअरिंगं. गरम लागेल तिथे दोष.