‘तू’ काढलं, पण ‘येशील’ तसंच राहिलं: वरिष्ठांना मेसेज पाठवताना या चुका टाळा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कार्यालयात रोज घडणारी गोष्ट घ्या. टेबलाशेजारच्या मित्रासाठी टाइप केलेला मेसेज ऐनवेळी साहेबांना पाठवायचा ठरतो. घाईघाईत ‘अरे’च्या जागी ‘सर’ येतं, ‘तू’च्या जागी ‘आपण’ येतं आणि मेसेज जातो. मूळ मजकूर असा होता:

“अरे, कालची फाइल पाहिली का तू? तुझी सही राहून गेली त्यात. उद्या ११ च्या मीटिंगला येऊन राहिला ना? नाही येशील तर सांग. आपल्याला यादी पण द्यायची आहे सायंकाळपर्यंत.”

आणि साहेबांना गेला तो असा:

“सर, कालची फाइल पाहिली का आपण? आपली सही राहून गेली त्यात. उद्या ११ च्या मीटिंगला येऊन राहिले ना? नाही येशील तर सांगा. आपल्याला यादी पण द्यायची आहे सायंकाळपर्यंत.”

‘येशील’ लगेच खटकतं. ते सुटलं कसं, हे मात्र पाहण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याने ‘तू’, ‘तुझी’ असे शब्द शोधले आणि बदलले. पण मराठीत सर्वनाम गाळलं तरी वाक्य चालतं, कारण माणूस क्रियापदातच बसलेला असतो. ‘नाही येशील तर’मध्ये ‘तू’ लिहिलेलाच नाही, म्हणून तो शोधून सापडला नाही.

नागपूरच्या बोलीमुळे ही चूक आणखी लपते. प्रमाण मराठीत ‘तू फाइल पाहिलीस का’ असं म्हणतात, म्हणजे शेवटचा ‘स’ ‘तू’ची खूण सांगतो. आपल्याकडे बोलताना तो ‘स’ बहुधा नसतोच. आपण ‘तू पाहिली का’ म्हणतो. त्यामुळे अशा भूतकाळी वाक्यात नुसतं सर्वनाम बदललं तरी ते निभावून जातं आणि सगळीकडे तसंच निभावेल असं वाटायला लागतं. भविष्यकाळात आणि आज्ञेत ते निभत नाही. तिथे ‘येशील’चं ‘याल’, ‘असशील’चं ‘असाल’, ‘सांग’चं ‘सांगा’ करावंच लागतं. म्हणून मेसेज बदलताना नजर सर्वनामांवर नको, वाक्यांच्या शेवटांवर हवी. प्रत्येक क्रियापदाआधी मनात ‘तुम्ही’ लावून पाहा. ‘तुम्ही येशील’ कानाला लगेच टोचतं.

आता ‘आपण’. जास्त आदर म्हणून हा शब्द घेतला जातो, आणि खरा घोळ इथेच होतो, कारण ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ही आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही. कर्ता म्हणून आला तर क्रियापद बहुतेक वेळा सोडवणूक करतं: ‘आपण येऊ’ म्हणजे सगळे, ‘आपण याल’ म्हणजे समोरचा. पण ‘आपल्याला’ आलं की क्रियापद काहीच सांगत नाही. वरच्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. यादी कोणी द्यायची? मूळ मजकुरात ती दोघांनी मिळून द्यायची होती. आधीच्या ओळीत ‘आपली सही’ म्हणजे साहेबांची सही, त्यामुळे पुढच्या ओळीतलं ‘आपल्याला’ही साहेबांनाच लागू होतं. कनिष्ठाने साहेबांना सायंकाळची मुदत दिली, असा अर्थ निघाला. किंवा उलट साहेबांना वाटलं की यादी पोरगंच करतंय, आणि सायंकाळी कोणाकडेच यादी नाही. ‘आपण यादी तपासली’ हेही तसंच: साहेबांनी तपासली की दोघांनी, ते त्या वाक्यावरून कळत नाही. ‘तपासलीत’ लिहिलं तरच अर्थ नक्की होतो.

‘आपला’ची आणखी एक खोड आहे. ‘मी आपला अहवाल पाठवत आहे’ हे वाचून अहवाल साहेबांचा वाटत नाही, पाठवणाऱ्याचा स्वतःचा वाटतो. वर ‘मी आपला बसलो गप्प’ यातला गरीब बिचारा ‘आपला’ही त्यात डोकावतो. अशा ठिकाणी ‘तुमचा अहवाल’ लिहावं.

म्हणून माझं मत सरळ आहे: रोजच्या मेसेजला ‘तुम्ही’ पुरेसं आहे. त्यात अनादर नाही आणि घोळही नाही. ‘आपण’ पत्रासाठी, निमंत्रणासाठी, पहिल्यांदाच लिहीत असलेल्या मोठ्या अधिकाऱ्यासाठी ठेवा. तिथे ‘आपल्याला’ऐवजी ‘आपणास’ लिहिलं तर ते बहुधा वाचणाऱ्यालाच उद्देशून समजलं जातं. एकदा ‘आपण’ घेतलं की ‘आम्ही सगळे’ या अर्थाने तो शब्द त्या मेसेजात वापरू नका. आणि एका ओळीत ‘आपण’, दुसरीत ‘तुमची’ अशी सरमिसळही नको.

‘येऊन राहिले’चं काय? हे आपलं बोलणं आहे आणि तोंडी त्यात कोणी अपमान पाहत नाही. ‘मॅडम, तुम्ही आल्या का?’ हेही तसंच, आदराने विचारलेलं. पण लेखी प्रमाण रूप ‘तुम्ही आलात का’ असं आहे, आणि ते बाई-पुरुष दोघांनाही एकच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून मंडळी येतात, तेव्हा ज्यांच्या कानाला वऱ्हाडी-नागपुरी सवयीची नाही त्यांना ‘तुम्ही आले’ अर्धवट वाटू शकतं. ‘म्हणाले’चं ‘म्हणालात’, ‘गेले होते’चं ‘गेला होतात’ केलं की काम झालं. स्थानिक साहेबांना रोजच्या बोलीत लिहिलं तर काही बिघडत नाही. उगाच पुणेरी होऊ नये.

‘करावे’बद्दल थोडं. पुष्कळांना वाटतं की ‘पाठवा’पेक्षा ‘पाठवावे’ नम्र. पण ‘अहवाल तात्काळ सादर करावा’ हा परिपत्रकाचा सूर आहे, वरून खाली येणारा. खालून वर लिहिताना त्याच्या मागे ‘ही विनंती’ जोडावी लागते. मेसेजमध्ये त्यापेक्षा ‘पाठवाल का?’ साधं आणि पुरेसं. ‘कृपया’ लावल्याने मात्र चुकीचं रूप सुधारत नाही. ‘कृपया सांग’ हे ‘सांग’च राहतं.

हे सगळं लक्षात घेऊन तो मेसेज असा होईल:

“सर, कालच्या फाइलवर तुमची सही व्हायची आहे. उद्या ११ वाजता मीटिंग आहे, तुम्ही येणार आहात का? जमणार नसेल तर कळवाल का? यादी आज सायंकाळपर्यंत द्यायची आहे. ती मी तयार करतो, तुम्ही एकदा पाहून द्या.”

यात ‘सही राहून गेली’ही गेलं आहे. ते व्याकरणाने बरोबर होतं, पण साहेब विसरले असं सुचवत होतं. आणि यादी कोण करणार, कोण पाहणार, हे दोन वेगळ्या सर्वनामांनी सांगितलं आहे. ‘आपल्याला’ची गरजच उरली नाही.

मेसेजमध्ये तिसऱ्या वरिष्ठांचा उल्लेख असेल तर तोही बघा. समोरच्याला ‘तुम्ही’ करताना ‘मॅडमने सांगितलं, ती उद्या येते’ तसंच राहून जातं. तिथे ‘मॅडमनी सांगितलं, त्या उद्या येणार आहेत’ हवं.