टॉर्क सोडल्यावर शाफ्टमध्ये उरतं काय?

मुंबईत सेमिस्टर जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानांत सोडवलेल्या पेपरांचे गठ्ठे झळकतात. टॉर्शनच्या या प्रकरणापुरते तरी ते घेऊ नका. त्यांत सूत्र असतं, पण टॉर्क सोडताना काय वजा करायचं आणि का, तेवढंच गाळलेलं असतं.

५० मिमी व्यासाचा भरीव शाफ्ट घ्या. शिअर यील्ड स्ट्रेस १५० मेगापास्कल, G ८० गिगापास्कल, आणि यील्डनंतर स्ट्रेस वाढत नाही असं गृहीत धरा. पिळता पिळता यील्ड आत सरकत आलं आणि फक्त १५ मिमी त्रिज्येचा गाभा इलॅस्टिक उरला.

```
Ty = π c³ τy / 2 = 3.68 kN·m
T = (4/3) Ty [1 − ρ³/(4c³)] = 4.64 kN·m
```

इथे c म्हणजे २५ मिमी आणि ρ म्हणजे गाभ्याची त्रिज्या. इथवर सहसा कुणी चुकत नाही.

आता टॉर्क सोडा. सोडणं पूर्ण इलॅस्टिक असतं, म्हणून ४.६४ चा उलटा टॉर्क अख्ख्या शाफ्टवर Tr/J ने लावायचा. पृष्ठभागावर उत्तर येतं १८९.२. विद्यार्थी इथेच बिचकतात: यील्ड १५० असताना १८९ कसं? मग ते खोडून १५० लिहितात, पृष्ठभागावर शून्य उरतं आणि पुढचं सगळं फसतं. १८९.२ हा शाफ्टमधला स्ट्रेस नाहीच, तो स्ट्रेसमधला बदल आहे. +१५० वरून निघून −१५० गाठेपर्यंत ३०० ची जागा असते. भरीव शाफ्टमध्ये हा बदल २०० च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण पूर्ण प्लॅस्टिक टॉर्क Ty च्या ४/३ पटच असतो. तेव्हा उलट्या यील्डची धास्ती नको.

वजाबाकी केली की पृष्ठभागावर −३९.२ उरतो, गाभ्याच्या कडेला १५० − ११३.५ म्हणजे +३६.५, आणि केंद्रात शून्य. मधे १९.८ मिमीवर चिन्ह बदलतं. उत्तर तपासायचं असेल तर उरलेल्या स्ट्रेसचा एकूण टॉर्क काढा. तो शून्यच यायला हवा. पाच मिनिटं जातात, पण जाऊ द्या.

पीळ मात्र शून्य होत नाही. पिळताना तो गाभ्यावरून काढायचा: τy/(Gρ), म्हणजे मीटरला ०.१२५ रेडियन. सोडताना ०.०९४६ परत येतो. मीटरमागे ०.०३०४ रेडियन, साधारण पावणेदोन अंश, कायमचा राहतो.

पुन्हा त्याच दिशेला पिळलं तर ४.६४ पर्यंत नवं यील्ड नाही. उलट दिशेला मात्र पृष्ठभागावर ३९.२ आधीच बसलेला असल्याने ११०.८ च शिल्लक राहतो आणि २.७२ लाच यील्ड सुरू होतं. खऱ्या स्टीलमध्ये बाउशिंगर परिणामामुळे त्याहूनही आधी. म्हणून गाडीच्या सस्पेन्शनमधले आधीच पिळून तयार केलेले टॉर्शन बार डावे-उजवे खूण करून येतात, आणि ते अदलाबदल करून बसवायचे नसतात.