पिस्तूल अडकलं? स्लाइड ओढण्याआधी खिडकीत बघा

इंदूरच्या आमच्या रेंजवर दर रविवारी शिकवताना एकच चूक बघतो. .२२ चं पिस्तूल अडकलं की नवशिका आधी स्लाइड ओढतो, मग बघतो काय झालंय ते. क्रम उलटा हवा. बोट चापावरून बाहेर, नळी टार्गेटकडेच, मोकळा हात वर. मी येईपर्यंत नुसतं बघत राहा.

बघायचं कुठे? पुंगळी जिथून उडते त्या खिडकीत. स्लाइड जवळजवळ मिटली असेल आणि रिकामी पितळी पुंगळी चुलीच्या धुराड्यासारखी बाहेर उभी असेल, तर ते स्टोव्हपाइप. पुंगळी निघाली खरी, पण उडून पडण्याआधीच स्लाइडने चिमटीत धरली. मॅगझिन खालून थोपटा, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्या. हाताने सावकाश पुढे नेऊ नका. बहुतेक वेळा कारण ढिलं मनगट असतं. मग पोरं काडतुसाला शिव्या घालतात.

बाहेर काहीच दिसत नाही आणि स्लाइड बरीच मागे थांबलीय? तिरकं करून आत बघा. एक पुंगळी चेंबरमध्येच, तिच्या बुडाला नाक टेकवून मॅगझिनमधलं नवं काडतूस. हे डबल फीड. इथे स्लाइड ओढून सोडली की तेच काडतूस पुन्हा तिथेच आदळतं.

रामबागेतून येणाऱ्या एका मुलाने नेमकं हेच केलं. मी दोन लेन पलीकडे होतो. पोहोचेपर्यंत त्याने स्लाइड पाच-सहा वेळा ओढली होती. काडतुसाची शिशाची गोळी वाकडी होऊन पुंगळीत दबली होती, आणि मॅगझिन इतकं घट्ट की बटण दाबूनही सुटेना. आधी स्लाइड मागे अडकवली, तेव्हा कुठे वरचा दाब गेला. मग मॅगझिन अक्षरशः उपटून काढलं. ते निघाल्यावर स्लाइड तीनदा ओढली, तरी पुंगळी चेंबरमध्येच. शेवटी नळीत पुढून रॉड घालून मीच ती पुंगळी बाहेर ढकलली. (रॉड शिकणाऱ्याने घालायचा नाही, हा माझा हट्ट आहे.) चेंबरमध्ये मेण आणि काजळीचा थर होता, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालीही तसाच. "सर, गेल्या महिन्यात पुसलं होतं," म्हणाला. पुसलं होतं, ते वरून. तेलही भरपूर ओतलं होतं, त्यात काजळी आणखी चिकटली.

त्या नखाखाली मी जुन्या टूथब्रशने दर वेळी घासतो. तेल एक थेंब, तेही स्लाइडच्या खाचेत, चेंबर कोरडाच. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतील तर फेकून द्या, पकडीने सरळ करायचा शहाणपणा नको.

चाप दाबल्यावर नुसता 'टक्' झाला तर ३० सेकंद नळी समोरच धरा, काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर मात्र थोपटणं-ओढणं काहीच नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फुटते. पिस्तूल रिकामं करून माझ्याकडे द्या.