घड्याळाने सांगितलेली पाळीची तारीख उलटून गेली तर

घड्याळ तारीख सांगतं ती मुख्यतः मागच्या पाळ्यांच्या अंतरावरून. या महिन्यात बीजांड उशिरा सुटलं, तर तो अंदाज कोलमडतो. बीजांड सुटल्यावर शरीराचं तापमान किंचित वाढतं, म्हणून अशा वेळी घड्याळाने रात्री नोंदवलेल्या तापमानाचा आलेख उघडा.

ॲपल वॉच सिरीज ८ किंवा त्यानंतरचं असेल तर:

१. रात्री घड्याळ नीट घट्ट बांधून, Sleep Focus चालू ठेवून झोपा. किमान चार तास हवेत. पहिल्या पाचेक रात्री ते फक्त तुमची नेहमीची पातळी शिकतं.

२. Health ॲपमध्ये Wrist Temperature उघडा. एका रात्रीचा उंचवटा सोडून द्या. सलग तीन रात्री आलेख वर राहिला का, ते पाहा. वाढ अर्ध्या अंशाहूनही कमी असते.

३. चढ सुरू झाला त्या दिवसापासून साधारण १२ ते १४ दिवस मोजा.

समजा नेहमीचं चक्र २८ दिवसांचं आहे, पण या वेळी चढ २१व्या दिवशी दिसला. मग पाळी ३३ ते ३५व्या दिवसाच्या आसपास धरा. आलेख अजून सपाटच असेल, तर बीजांड बहुधा सुटलेलंच नाही. (पुढच्या वेळी हे १२-१४ स्वतःच्या नोंदींवरून दुरुस्त करून घ्या, प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा असतो.)

ताप, दारू, रात्रीचं जागरण यांनीही आलेख चढतो. आणि चढ दिसतो तो बीजांड सुटून गेल्यावर, त्यामुळे गर्भ टाळण्यासाठी यावर मुळीच विसंबू नका.